राज्याच्या संघात निवड झाली, पण ऑफिस म्हणतं अशी रजाच नाही. अर्ज कसा करू?

अनघा_खोखो
नमस्कार. मी एका खासगी कंपनीत बिलिंग आणि हिशेबाचं काम करते. कंपनी गाड्यांचे सुटे भाग वितरित करते, ऑफिस आणि गोदाम मिळून साठेक माणसं. एप्रिलमध्ये लागले, पगार २२,००० रुपये. लहानपणापासून खो-खो खेळते आणि जिल्ह्याच्या संघातून गेली काही वर्षं राज्य अजिंक्यपद स्पर्धा खेळतेय. यंदा पहिल्यांदा महाराष्ट्राच्या महिला संघात माझं नाव आलं आहे.

पुढच्या महिन्यात १० ते १७ सराव शिबिर आहे, निवासी. १८ आणि १९ प्रवास, २० ते २४ राष्ट्रीय स्पर्धा, २५-२६ परतीचा प्रवास. २७ ला मी कामावर हजर होऊ शकते. शनिवारी आमचं ऑफिस असतं, सुट्टी फक्त रविवारी.

मॅनेजर सरांना तोंडी सांगितलं तर ते म्हणाले, "अभिनंदन, पण एवढ्या दिवसांची रजा आपल्याकडे नसते." मग राज्य संघटनेचं पत्र जोडून एचआरला मेल केला. उत्तर एका ओळीचं आलं: कंपनीच्या धोरणात क्रीडा रजा नाही आणि पत्रातील स्पर्धा झालेली आहे. दुसरं वाक्य मला कळलंच नाही. माझ्याकडे चार किरकोळ रजा शिल्लक आहेत आणि स्टॉक मोजणीला दोन रविवार आले होते त्याचे दोन कॉम्प-ऑफ. मला नोकरी सोडायची नाही आणि ही संधीही सोडायची नाही. नेमकं काय आणि कसं मागू?

विक्रांत_७७
आधी मनापासून अभिनंदन! आणि घाबरू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. राष्ट्रीय स्पर्धेसाठी खेळाडू कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस विशेष नैमित्तिक रजा मिळते. माझा मेहुणा पोस्टात आहे, तो दरवर्षी घेतो. एचआरला सांगा की हा नियम आहे आणि नाकारता येणार नाही.

मृणाल_एचआर
विक्रांत, तुम्ही सांगताय तो नियम खरा आहे, पण तो सरकारी कर्मचाऱ्यांचा आहे. तुमचे मेहुणे पोस्टात आहेत म्हणून त्यांना लागू होतो. अनघा खासगी कंपनीत आहे. तिने हा नियम एचआरपुढे ठेवला तर ते पहिल्याच मिनिटाला "आम्हाला लागू नाही" म्हणतील आणि पुढचं बोलणं अवघड होऊन बसेल.

मी बारा-तेरा वर्षं खासगी कंपन्यांत एचआरचंच काम करतेय. खासगी आस्थापनेने खेळासाठी वेगळी पगारी रजा द्यावी असं दुकाने व आस्थापना कायद्यात कुठेही नाही. त्यामुळे अनघा, तुला हक्क सांगायचा नाहीये, विनंती करायची आहे. विनंती चांगली बांधली तर मान्य होते, हे मी स्वतःच्या टेबलावर पाहिलंय.

संजय_पा
पण त्याच कायद्यात अर्जित रजा आहे ना? २० दिवसांच्या कामाला एक दिवस. सात महिने झाले म्हणजे आठ-नऊ दिवस सहज जमले असतील. शिवाय वर्षाला आठ किरकोळ रजा. झालं की काम.

मृणाल_एचआर
संजय, २० ला एक हे बरोबर, पण त्याला वर्षात २४० दिवस काम झालेलं असण्याची अट आहे. एप्रिलमध्ये लागलेल्या माणसाचे ऑक्टोबर अखेरपर्यंत तेवढे दिवस भरतच नाहीत. काही कंपन्या दर महिन्याला थोडी थोडी रजा खात्यात टाकत जातात, ती त्यांची मर्जी. अनघा, तुझ्या पगारपत्रकावर रजेचा रकाना असेल तर तो बघ.

आठ किरकोळ रजाही एकदम हातात येत नाहीत. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात त्या तिमाहीला जमा होतात, म्हणजे दर तीन महिन्यांना दोन. एप्रिलपासूनच्या तीन तिमाहींच्या सहा आल्या, त्यातल्या दोन तू वापरल्या असतील, म्हणून चार उरल्या. हिशेब जुळतोय. त्या वर्षअखेरीस बुडतात, त्यामुळे आत्ता वापरण्यात तुझं काही नुकसान नाही.

अनघा_खोखो
हो, दोनच वापरल्या होत्या. पगारपत्रकावर अर्जित रजेपुढे शून्य आहे.

प्रभाकर_दे
मी सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होतो, आता निवृत्त. खेळाडूंच्या रजेच्या फायली बऱ्याच हाताळल्या. अनघा, मला त्या एचआरच्या दुसऱ्या वाक्यात रस आहे. "पत्रातील स्पर्धा झालेली आहे" असं कोणी उगाच लिहीत नाही. संघटनेच्या पत्रात नेमकं काय लिहिलंय ते नावं वगळून इथे टाक.

अनघा_खोखो
काका, हे बघा. लेटरहेड आहे, खाली सचिवांची सही आणि शिक्का आहे.

"प्रति, संबंधित. विषय: वरिष्ठ गट राज्य अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धेतील सहभागाबाबत. महोदय, वरील स्पर्धेत आपल्या खेळाडूने उत्कृष्ट कामगिरी केली असून तिची महाराष्ट्र संघात निवड झाली आहे. तरी तिला पुढील स्पर्धेसाठी सहकार्य करावे, ही विनंती."

प्रभाकर_दे
तुझी अडचण इथेच आहे. हे पत्र प्रामाणिक आहे, पण रजेच्या कामाचं नाही. वाचणाऱ्याच्या जागी बसून बघ. विषयात राज्य अजिंक्यपद स्पर्धा आहे आणि ती होऊन गेली. जी स्पर्धा तुला खेळायची आहे तिचं नाव नाही, गाव नाही, तारखा नाहीत. शिबिराचा उल्लेख नाही. तुझं नाव मजकुरात नाही, तू कुठे काम करतेस तेही नाही. पत्राला जावक क्रमांक आणि दिनांक आहे का? तू लिहिलेल्या मजकुरात तरी दिसत नाही.

राज्य स्पर्धेत तू जिल्ह्याची खेळाडू असतेस. राष्ट्रीय स्पर्धेत तू राज्याची खेळाडू होतेस. खेळणाऱ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते "राज्यस्तरीय स्पर्धा" आणि "राज्याकडून स्पर्धा" हे एकाच दमात बोलतात. कार्यालयात मात्र सगळं या फरकावर अडतं. केंद्राच्या नियमातही सवलत आंतरराज्य किंवा आंतरविभागीय पातळीवरच्या स्पर्धेला आणि तीही राज्याने रीतसर नेमलेल्या प्रतिनिधीला आहे. वैयक्तिक हौसेने भाग घेणाऱ्याला नाही. माझ्या टेबलावर जे अर्ज परत गेले, त्यातले निम्म्याहून अधिक अशाच पत्रामुळे गेले. खेळाडू पात्र होता, कागद त्याला पात्र दाखवत नव्हता.

अनघा_खोखो
काका, जावक क्रमांक नाहीच. बाकीच्या मुलींनाही असंच पत्र दिलंय. त्यातल्या तिघी सरकारी नोकरीत आहेत, त्यांनाही कळवते.

धावतोय
चर्चा वाचून बरं वाटलं. माझंही असंच. मी एका मोठ्या शहराच्या मॅरेथॉनला नाव नोंदवलंय, ४२ किलोमीटर. ऑफिसने दोन दिवस नाकारले. मी पण महाराष्ट्रातून दुसऱ्या राज्यात धावायला चाललोय, मग मलाही राज्याचं प्रतिनिधित्व म्हणून मागता येईल का?

प्रभाकर_दे
नाही हो, तुम्ही प्रवेशशुल्क भरून स्वतः नाव नोंदवलंत. राज्याने तुम्हाला पाठवलेलं नाही. तुमच्या मेहनतीबद्दल पूर्ण आदर आहे, पण ही साधी रजाच. तुमच्या खात्यातल्या दोन किरकोळ रजा टाका.

शिक्षिका_वर्षा
मी अनुदानित शाळेत शिकवते आणि चाळिशीनंतरच्या गटात थाळीफेक करते. माझं निवडपत्र व्यवस्थित होतं, नाव, तारखा, सगळं. तरी विशेष रजा नाकारली, कारण ती स्पर्धा भरवणारी संस्था मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघाशी जोडलेली नव्हती. आमच्या प्रौढ गटाच्या मैदानी स्पर्धांत एकाहून जास्त संस्था "राष्ट्रीय" स्पर्धा भरवतात आणि सगळ्यांच्या पत्रावर "राष्ट्रीय" असंच छापलेलं असतं. शेवटी अर्जित रजा टाकून गेले. पदक आलं, पण रजेचा तो निर्णय मनातून जात नाही. म्हणून सांगते, पत्रात राष्ट्रीय महासंघाचं नाव आणि राज्य संघटना त्याला संलग्न आहे, हे एक वाक्य घालून घ्या.

रेल्वेवाला_कबड्डी
आमच्याकडे हा प्रश्नच वेगळा आहे. मी खेळाडू भरतीतून रेल्वेत आलो. राष्ट्रीय कबड्डीत रेल्वेचा स्वतःचा संघ उतरतो, सेनादलाचाही उतरतो. त्यामुळे नोकरी लागल्यावर माझं महाराष्ट्राकडून खेळणं बंद झालं. रजेचा त्रास नाही, उलट सरावासाठीही वेळ मिळतो. पण आपल्या राज्याची जर्सी घालायला मिळत नाही याची हुरहुर आहे. अनघा, तुला ती मिळतेय. खेळ, पण रजा लेखी घेऊनच जा. तोंडी "जा, बघू" वर निघालेला आमचा एक जुना सहकारी परत आल्यावर विनापरवाना गैरहजर ठरला होता.

मृणाल_एचआर
काकांनी पत्राचं सांगितलं, आता मी मागणीचं सांगते. "१७ दिवस रजा द्या" असं लिहू नकोस. १७ हा आकडा बघूनच समोरचा दार बंद करतो. तारखा उलगड.

१० तारीख सोमवार आहे असं धरते, कारण पुढच्या महिन्यात तसंच येतंय. १० ते २६ मध्ये दोन रविवार जातात, १६ आणि २३. म्हणजे कामाचे दिवस १५. त्यातले शिबिराचे सात (१० ते १५ सहा आणि १७ चा एक). उरलेले आठ प्रवास आणि स्पर्धेचे.

शिबिराचे सात दिवस तू तुझ्या खात्यातून दे: चार किरकोळ, दोन कॉम्प-ऑफ, एक बिनपगारी. आणि कंपनीकडे फक्त आठ दिवसांची विशेष पगारी रजा माग, "एक वेळची विशेष बाब म्हणून". असं मागितलं की तू अर्धा भार स्वतः उचललास हे दिसतं आणि कंपनीला नवीन धोरण करावं लागत नाही. एचआरला सर्वात मोठी भीती पायंडा पडण्याची असते. एक वेळची विशेष बाब म्हटलं की ती भीती बरीच कमी होते.

एक बघून घे. काही कंपन्यांत सलग तीनच किरकोळ रजा घेता येतात. तसं असेल तर मध्ये कॉम्प-ऑफ घालून तोड.

विक्रांत_७७
माझी गल्लत झाली होती, खासगीचं मला माहीत नव्हतं. पण रजा तरी का म्हणायची? "ऑन ड्युटी" मागा ना. राज्यासाठीच तर खेळतेय.

प्रभाकर_दे
केंद्र सरकारच्या नोकरीत तसं आहे. १९८५ च्या आदेशानुसार राष्ट्रीय स्पर्धेतले प्रत्यक्ष दिवस, जाण्यायेण्याचा वेळ आणि त्यासाठीचं आधीचं शिबिर हा काळ कर्तव्यकाळ धरता येतो. मग तो ३० दिवसांच्या विशेष रजेत मोजायचीही गरज पडत नाही. अनघाच्या ज्या मैत्रिणी केंद्राच्या नोकरीत असतील त्यांनी हे जरूर मागावं. राज्य शासनाच्या नोकरीत असतील तर आपल्या विभागाचा शासन निर्णय आस्थापनेकडून मागून घ्यावा.

त्यांना आणखी एक सांग. विशेष नैमित्तिक रजेला किरकोळ रजा जोडता येते किंवा अर्जित रजा जोडता येते, पण दोन्ही एकत्र जोडता येत नाहीत. मुलं परतताना दोन दिवस घरी थांबतात, त्याला किरकोळ टाकतात, मग आजारी पडतात आणि अर्जित टाकतात. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि पगाराची वसुली लागते.

मृणाल_एचआर
खासगीत "ऑन ड्युटी" मागू नये असं माझं मत. कंपनीच्या दृष्टीने कामावर असताना खेळाडूला मैदानात दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. कायदेशीर सल्लागाराकडे फाइल गेली की महिनाभर परत येत नाही. "विशेष पगारी रजा" हा शब्द सोपा आहे.

रेल्वेवाला_कबड्डी
यावर माझं मत वेगळं आहे. खेळाडूने दुखापतीचा विचार करूनच मागायला हवं. गुडघा गेला तर पुढचे तीन महिने कोण बघणार? ऑन ड्युटी मिळत असेल तर जरूर घ्यावी.

मृणाल_एचआर
मिळत असेल तर घ्यावी, मान्य. सात महिन्यांच्या नोकरीत ती मिळण्याची शक्यता मला कमी वाटते. संघटनेने संघाचा अपघात विमा काढलाय का, हे अनघाने विचारून घ्यावं.

अनघा_खोखो
विचारते. मृणालताई, आणखी एक. आठही दिवस नाकारले तर माझे नऊ दिवस बिनपगारी होतील ना? आमच्या इथे बिनपगारी रजेच्या मध्ये रविवार आला तर तोही कापतात असं एका सहकाऱ्याने सांगितलं.

मृणाल_एचआर
त्याला सगळीकडे सँडविच म्हणतात आणि हे लेखी विचारून घेणं फार महत्त्वाचं आहे. दिवसाचा पगार काढताना तुमची कंपनी ३० ने भागते की २६ ने, ते आधी बघ.

३० ने भागत असतील तर तुझा दिवस ७३३ रुपयांचा. नऊ दिवसांचे ६,६०० जातील. दोन रविवारही कापले तर अकरा दिवस, म्हणजे ८,०६७. २६ ने भागत असतील तर दिवस ८४६ चा होतो आणि नऊ दिवसांचे ७,६१५ जातात. पण २६ ने भागायचं म्हणजे रविवार आधीच हिशेबाबाहेर ठेवलेत. मग परत रविवार कापणं म्हणजे दोनदा कापणं. असं झालं तर शांतपणे पगार विभागाला हे गणित दाखव. बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चुकीची खूण केलेली असते.

आणि १६ चा रविवार तुझ्या किरकोळ आणि कॉम्प-ऑफच्या मध्ये येईल असे दिवस लाव. बिनपगारी दिवस शिबिराच्या सुरुवातीलाच, १० तारखेला टाक. मग त्या रविवारच्या दोन्ही बाजूंना पगारी रजा राहते आणि तो कापायला कारण उरत नाही.

संजय_पा
हे दिवस मागेपुढे लावायचं डोक्यात आलं नसतं. माझ्याकडे दर दिवाळीत असाच एक रविवार जातो.

हिशेबनीस_ला
मी पण हिशेबातच काम करते. अनघा, तुझे मॅनेजर का अडवतायत ते मला तारखांवरूनच दिसतंय. ११ ला जीएसटीआर-वन हे विक्रीचं विवरण भरायचं, १४ ला टू-बी हे खरेदीचं विवरण येतं, २० ला थ्री-बी हे एकूण कराचं विवरण भरायचं. तू १० ते २६ नाहीस. म्हणजे महिन्याच्या त्या दहा दिवसांत तू नाहीस ज्यात खरेदीची बिलं जुळवायची असतात. मॅनेजरला खो-खोचा राग नाही, त्यांना २० तारखेची काळजी आहे. अर्जात याचं उत्तर नसेल तर पत्र कितीही चांगलं असलं तरी ते सही करणार नाहीत.

अनघा_खोखो
ताई, अगदी हेच. परवा ते म्हणाले, "टू-बी कोण जुळवणार?" मी तेव्हा गप्प बसले.

हिशेबनीस_ला
मग हे आधीच करून ठेव. विक्रीची बिलं ८ तारखेपर्यंत पूर्ण कर आणि जीएसटीआर-वनचा डेटा ९ च्या आत सरांना तपासायला दे. टू-बी तुझ्या मागे येणार, त्याला इलाज नाही. पण खरेदीची नोंदवही पुरवठादारानुसार लावून ठेव. ज्या पुरवठादारांची बिलं दर महिन्याला उशिरा दिसतात त्यांची वेगळी यादी कर, फोन नंबरसकट, आणि जाण्याआधी त्यांना एकदा फोन करून टाक. जुळवण्याचं काम करायला जो सहकारी तयार आहे त्याला या महिन्याचं टू-बी घेऊन एकदा शेजारी बसवून दाखव. त्याचं नाव त्याच्या संमतीने अर्जात लिही. "सहकारी सांभाळतील" एवढंच लिहिलं तर मॅनेजरला वाटतं सगळं आपल्याच गळ्यात येणार.

२७ ला तू परत येतेस, म्हणजे महिनाअखेरचे हिशेब बंद करायच्या वेळी तू जागेवर आहेस. हे वाक्य अर्जात ठळक लिही.

प्रभाकर_दे
ही बाई आस्थापनेत हवी होती. अनघा, आता अर्ज दोन टप्प्यांत दे. नवीन पत्र यायला वेळ लागला तरी आजच पूर्वसूचना दे, म्हणजे निवड झाली आहे, संभाव्य तारखा या आहेत, अधिकृत पत्र येताच औपचारिक अर्ज करीन. पत्र हातात येईपर्यंत थांबलीस तर रजेला चार दिवस उरतील आणि उशीर झाला म्हणूनच नाकारतील. पूर्वसूचनेच्या मेलची तारीख उद्या तुझ्या बाजूने बोलेल.

नवीन पत्रासाठी संघटनेला मजकूर तूच लिहून दे. सचिव बिचारे दोन संघांचं सगळं बघत असतात, तयार मजकूर मिळाला तर त्यांनाही बरं. पत्र कंपनीच्या नावाने असावं, तुझं पूर्ण नाव आणि पद असावं. राष्ट्रीय स्पर्धेचं नाव आणि ठिकाण, शिबिराच्या, प्रवासाच्या आणि स्पर्धेच्या तारखा वेगवेगळ्या. वर्षाताईंनी सांगितलेलं संलग्नतेचं वाक्य. जावक क्रमांक, दिनांक, सही, शिक्का. सोबत संघाची जाहीर झालेली यादी जोड.

अनघा_खोखो
सर्वांचे आभार. मसुदा केलाय. काही खटकलं तर सांगा.

"महोदय, माझी वरिष्ठ गट राष्ट्रीय खो-खो अजिंक्यपद स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या महिला संघात निवड झाली आहे. संघटनेचे पत्र व संघाची यादी सोबत जोडली आहे.

सराव शिबिर १० ते १७ या काळात आहे. या काळातील कामाच्या सात दिवसांसाठी १० तारखेला बिनपगारी रजा, त्यापुढे माझ्या खात्यातील चार किरकोळ रजा आणि दोन कॉम्प-ऑफ मंजूर करावेत. प्रवास व स्पर्धा १८ ते २६ या काळात आहे. या काळातील कामाच्या आठ दिवसांसाठी, एक वेळची विशेष बाब म्हणून, विशेष पगारी रजा मंजूर करावी, ही विनंती.

जीएसटीआर-वनचा डेटा ९ तारखेपूर्वी तपासणीसाठी देईन. टू-बी जुळवणीचे काम माझ्या सहकाऱ्याने स्वीकारले असून त्याची कार्यपद्धती व पुरवठादारांची यादी सोबत दिली आहे. २७ तारखेला मी कामावर हजर राहीन व महिनाअखेरचे हिशेब मी स्वतः पूर्ण करीन. परतल्यावर सहभागाचे प्रमाणपत्र सादर करीन."

मृणाल_एचआर
छान आहे. यात माझा जीव एका गोष्टीत अडकतो. संघ लवकर बाद झाला तर? ते विचारतीलच.

अनघा_खोखो
महाराष्ट्राचा महिला संघ बहुतेक वेळा शेवटपर्यंत असतो. आणि परतीची तिकिटं पूर्ण संघाची एकत्र काढलेली असतात.

रेल्वेवाला_कबड्डी
हे अर्जात लिहू नकोस, विचारलं तर सांग. आधी गटसाखळी असते, मग बाद फेरी. त्यामुळे तीन दिवस तर कुठेच जात नाहीत. एक वाक्य घाल: "संघ लवकर परतल्यास त्याच्या दुसऱ्या दिवशी हजर होईन." त्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

मृणाल_एचआर
हो, हे वाक्य हवंच.

अनघा_खोखो
(आठ दिवसांनी)
अपडेट देते. संघटनेने दोन दिवसांत नवीन पत्र दिलं, माझाच मजकूर जवळजवळ तसाच. मॅनेजर सरांनी शिफारस केली. सहकाऱ्याला शेजारी बसवून टू-बी जुळवून दाखवलं त्याचा सरांवर खूप परिणाम झाला असं वाटतं, ते मागे उभे राहून बघत होते.

एचआरने शिबिराच्या रजा मागितल्या तशाच मंजूर केल्या. विशेष पगारी रजा आठऐवजी चार दिवस दिली, फक्त प्रत्यक्ष स्पर्धेचे कामाचे दिवस, २०, २१, २२ आणि २४. प्रवासाचे चार बिनपगारी. म्हणजे एकूण पाच बिनपगारी झाले. आमच्याकडे २६ ने भागतात, ४,२३१ रुपये जातील. रविवार कापणार नाही असं पगार विभागाने मेलवर कळवलंय. विम्याबद्दल संघटनेकडून अजून उत्तर नाही.

विक्रांत_७७
जबरदस्त! पण प्रवासाचे दिवस नाकारणं मला अजून पटत नाही. प्रवास केल्याशिवाय खेळणार कशी?

प्रभाकर_दे
तर्क बरोबर आहे आणि सरकारी नियमात प्रवास धरलेलाच असतो. खासगीत चार दिवस मिळाले हे मी चांगलंच समजतो. वर्षात २४० दिवस भरले की त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्या अर्जित रजा असतील, मग प्रवासाला त्या लावता येतील.

मृणाल_एचआर
एक राहिलं. तुझी प्रोबेशन संपली आहे का? बिनपगारी दिवसांएवढी प्रोबेशन पुढे सरकवण्याची पद्धत काही ठिकाणी असते. नेमणूकपत्रात बघ.

अनघा_खोखो
सहा महिन्यांची होती, पण कायम केल्याचं पत्र अजून मिळालेलं नाही. सर म्हणतात, "तशी झालीच समज."

मृणाल_एचआर
मग जाण्याआधी ते पत्र मागून घे. रजेच्या अर्जात नको, वेगळा मेल कर आणि सरांना प्रत टाक.

शिक्षिका_वर्षा
आणि विम्याचं उत्तर शिबिराच्या पहिल्या दिवशी तरी मिळव. मला आमच्या स्पर्धेत पाय मुरगळल्यावर कळलं की विमा नव्हता.